ब्रिटनमधील उपकंपनीचे मेमोरँडम वाचताना

तुमच्या पुण्यातील कंपनीच्या मेमोरँडममध्ये उद्दिष्टांचे कलम आहे, म्हणून ते तुम्ही ब्रिटिश कागदांतही शोधत आहात; मात्र तिथल्या २००६ च्या कंपनी कायद्यानुसार मेमोरँडम म्हणजे कंपनी स्थापन करण्याची इच्छा आणि प्रत्येकी किमान एक शेअर घेण्याची संमती नोंदवणारे छोटेसे निवेदन असते. उद्दिष्टांवर मर्यादा हवी असेल, तर ती आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, घालावी लागते. एरवी उद्दिष्टे अमर्यादच मानली जातात.

मला अधिक काळजी वाटते ती मेमोरँडमवरील सभासदाच्या नावाची. तिथे पुण्याच्या कंपनीऐवजी तुमचे वैयक्तिक नाव गेले, तर शेअर तुमचे होतील आणि नवी कंपनी उपकंपनी ठरणारच नाही. नोंदणीनंतर मेमोरँडम बदलता येत नसल्याने मग शेअरचे रीतसर हस्तांतरणच करावे लागते.