शेवटी येणारे ‘नाही’

“बसच्या काकांना बदल कळवताना उद्धट वाटू नये म्हणून मी सगळे सविस्तर लिहिते. तरीही गोंधळ होतो आणि वर तेच नाराज होतात. नेमके कसे लिहावे?”

थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्यापुढे इतक्यांदा आला आहे, की त्यातील एका आईची हकीकत, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे मांडतो. चार-पाच भेटींतले बोलणे मी दोन-तीन प्रसंगांत आटोपले आहे.

त्यांनी रात्री पावणेबाराला पाठवलेला मजकूर असा होता: “नमस्कार काका, इतक्या उशिरा त्रास देते आहे, सॉरी, आधीच सांगायला हवे होते पण सगळे अचानक ठरले, उद्या सकाळी दवाखान्यात जायचे असल्यामुळे मुलगी थोडी उशिरा आमच्याबरोबरच शाळेत जाईल म्हणजे बसने येणार नाही, परतताना मात्र असेल, चालेल ना?” सकाळी बस थांब्यावर पाच मिनिटे थांबली, हॉर्न वाजला, मदतनीस बाईंनी फोन केला आणि पुढच्या थांब्यांवरची मुले ताटकळली. दुपारी उलटेच घडले. ती आज आलेलीच नाही, असे समजून बस निघून गेली आणि मुलगी शाळेच्या फाटकाशी उभी राहिली.

“एवढे स्पष्ट लिहूनही?” बाई चिडून म्हणाल्या. मी त्यांना तोच मजकूर यजमानांच्या फोनवर पाठवायला आणि फोन न उघडता पडद्यावर दिसेल तेवढाच वाचायला सांगितले. त्यांनी वाचले, “...सगळे अचानक ठरले, उद्या” आणि त्या थांबल्या. पुढे तीन टिंबे होती. थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, “यात ‘नाही’ दिसतच नाही.”

आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. त्यामुळे कारणे आणि दिलगिरी एकाच वाक्यात आधी घातली, की ज्या शब्दासाठी मजकूर लिहिला तोच मागे ढकलला जातो. पहाटे गाडी काढण्याच्या घाईत पडद्यावर नजर टाकणाऱ्याला दिलगिरी तेवढी दिसते. ‘उद्या’चेही तसेच आहे. रात्री लिहिलेले ‘उद्या’ सकाळी वाचले, तर त्याचा अर्थ दुसराच दिवस होतो.

मात्र खरे वळण त्यानंतरच्या प्रश्नाने आले. “दिलगिरीच्या या दोन ओळी कुणासाठी लिहिल्यात?” बऱ्याच वेळाने उत्तर आले, “मी त्यांना गृहीत धरणारी बाई नाही, हे त्यांना कळावे म्हणून.” म्हणजे निम्मा मजकूर काकांसाठी नव्हताच, तो स्वतःच्या धास्तीची समजूत घालत होता. मजकुराआधी मनातले वाक्य दुरुस्त करावे, या मताचा मी जुना आग्रही आहे आणि येथे तो आग्रह उपयोगी पडला, असे मला वाटते. “कारण सांगितले नाही तर मी उर्मट ठरेन” हे वाक्य त्यांनी स्वतःच खोडले आणि मग नवा मजकूर दहा मिनिटांत झाला:

“नमस्कार काका. (मुलीचे नाव) मंगळवारी, 14 तारखेला, सकाळी बसने येणार नाही. थांब्यावर थांबू नये. दुपारी शाळेतून नेहमीप्रमाणे बसनेच येईल. वाचल्यावर ‘ठीक’ एवढे कळवावे. धन्यवाद.”

सकाळ आणि दुपार अशी दोन वेगळी वाक्ये येथे मुद्दाम केली आहेत, कारण चूक त्यांच्या सांध्यातच झाली होती. ‘चालेल ना?’ही काढले. मुलगी येणार नाही ही सूचना आहे, तिला परवानगी लागत नाही. याउलट “दहा मिनिटे थांबाल का?” ही विनंती असते. ती इतर मुलांच्या वेळेतून मागितली जाते, म्हणून तिच्यात नकाराला जागा ठेवावी. पुष्कळदा तो निर्णय चालकाच्या हातातही नसतो, तेव्हा तो शाळेत वाहतूक पाहणाऱ्या व्यक्तीलाच विचारावा. मजकूर आदल्या संध्याकाळी, गाडी उभी असण्याच्या वेळी पाठवावा आणि झोपण्यापूर्वी उत्तर आले नाही तर फोन करावा; सकाळी गाडी चालू असताना करू नये.

घरकामाच्या मावशींना सुट्टी कळवतानाही क्रम हाच ठेवावा, फक्त एक वाक्य वाढवावे: “या दिवसाचा पगार कापणार नाही.” आपण सुट्टी देतो तेव्हा समोरच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो आणि तो सहसा विचारला जात नाही.

शेवटच्या भेटीत बाईंनी फोन पुढे केला. काकांचे उत्तर होते, “ठीक आहे ताई.” त्याच्या वर त्यांच्या मजकुराच्या शेवटी एक ‘सॉरी’ उरलेले होते. तारीख, वार आणि ‘नाही’ आपापल्या जागी असल्यामुळे मी त्याबद्दल काही बोललो नाही.