गोल वॉशरसाठी स्ट्रिपची रुंदी आणि पिच

प्रश्न: १.५ मिमी सीआरसीए शीटमधून ४० मिमी व्यासाचे वॉशर प्रोग्रेसिव्ह डायवर काढायचे आहेत. स्ट्रिपची रुंदी आणि पिच किती धरू?

रुंदी ४४.५ आणि पिच ४१.५ मिमी धरा.

आधी दोन चकत्यांमधली वेब ठरवायची. शीट ०.८ ते ३.२ मिमी जाड असेल तर वेब जाडीइतकीच ठेवतात. शीट त्याहून पातळ असली तरी ०.८ च्या खाली जायचं नाही. तुमची वेब १.५, म्हणून पिच ४१.५. गोलाला एवढी वेब पुरते, कारण दोन वर्तुळं मध्यरेषेवर एकाच ठिकाणी जवळ येतात आणि लगेच लांब जातात. सरळ कडेच्या पार्टला हा हिशेब लावू नका, तिथे वेब जास्त लागते.

कडेचं मार्जिन व्यासाबरोबर वाढतं: जाडी अधिक व्यासाचा दीड टक्का, म्हणजे १.५ + ०.६ = २.१ मिमी. दोन्ही बाजू धरून रुंदी येते ४४.२. पण इथे थांबू नका, शीटकडे बघा. १२५० रुंदीच्या शीटमधून अशा २८ पट्ट्या निघतात आणि १२.४ मिमी उरतात. २९वी पट्टी काही निघत नाही. मग ते भंगारात घालण्यापेक्षा पट्टी ४४.५ ची कापा; शिअरिंगमध्ये होणारा थोडा फरकही त्यात सामावतो. पिचला अशी सूट देऊ नका. २५०० लांबीत ४१.५ ने ६० चकत्या बसतात, ४२ केलीत की ५९, म्हणजे प्रत्येक पट्टीमागे एक वॉशर गेला.

पण ४१.५ ची पिच पायलटशिवाय टिकत नाही. स्टॉपर किंचित पुढे, साधारण ०.१ मिमी, ठेवा, म्हणजे भोकात शिरताना पायलट पट्टीला मागे ओढून जागेवर आणेल. स्टॉपर अलीकडे राहिला तर पायलटला पट्टी पुढे ढकलायची असते आणि वाट स्टॉपरनेच अडवलेली असते, मग पहिल्या स्टेशनचं भोक ताणून लांबट होतं.

चालू डायवर उरलेली जाळी हातात घेऊन बघत जा. वेब खाली वाकलेली किंवा पिळलेली दिसली, किंवा वॉशरला एकाच बाजूला बर यायला लागला, तर पट्टी कमी सरकते आहे. तशीच चालवलीत तर पातळ झालेली वेब तुटून क्लिअरन्समध्ये ओढली जाते आणि पंचावर एका बाजूने जोर येऊन त्याची कड उडते.

एका ओळीत पट्टीचा ६८ टक्केच भाग चकतीत जातो. ऑर्डर मोठी असेल तर दोन ओळी अर्ध्या पिचने सरकवून घ्या. पट्टी ८०.२ मिमीची होते, शीटमधून १५ निघतात, आणि एका शीटचे १६८० ऐवजी १७८५ वॉशर मिळतात. मात्र पंचांचे दोन संच लागतील आणि प्रेसवर लोड जवळपास दुप्पट येईल, तेव्हा प्रेसचं टनेज आधी तपासा.