शंभर टक्के मॅच म्हणजे शंभर टक्के बरोबर नव्हे

"मॅडम, मी भाषाशास्त्रात एमए करतेय आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतराची छोटी कामं घेते. आता एका एजन्सीने 40 पानांचा लायसन्स करार दिलाय, सोबत जुन्या कामांची मेमरी फाइल. म्हणतायत शंभर टक्के मॅच असलेली वाक्यं बघायची नाहीत, त्यांचे पैसेही नाहीत. मी असलं सॉफ्टवेअर कधी वापरलेलं नाही. बाबा म्हणतात सगळं सॉफ्टवेअरच करणार असेल तर यात करिअर कसलं? शिकू का?"

शिक, आणि हाच करार घेऊन शिक. बाबांना सांग की ट्रान्सलेशन मेमरी स्वतः भाषांतर करत नाही, कुणीतरी माणसाने आधी केलेलं वाक्य मूळ इंग्रजी वाक्यासोबत जोडीने साठवून ठेवते आणि तसंच किंवा त्याच्या जवळपासचं वाक्य परत आलं की किती टक्के जुळतंय, म्हणजे मॅच, ते सांगून समोर ठेवते, बस. करारात हे भारी कामाला येतं कारण गोपनीयता, नोटीस, करार संपुष्टात आणणं, वाद कुठल्या कोर्टात जाणार ही कलमं करारागणिक तीच ती असतात, दोनचार शब्द इकडे तिकडे.

सुरुवातीला OmegaT हे अशी मेमरी वापरणारं सॉफ्टवेअर घे, फुकट आहे. प्रोजेक्ट बनवलास की फोल्डर तयार होतात, करार `source` मध्ये टाकायचा, तुझी स्वतःची वाक्यं आपोआप `project_save.tmx` मध्ये साठत जातात. एजन्सीची फाइल मात्र सरळ `tm` मध्ये टाकू नकोस, त्याच्या आत `penalty-010` नावाचं फोल्डर करून त्यात टाक. मग त्या फाइलमधल्या प्रत्येक मॅचचे 10 टक्के कापले जातात, म्हणजे दुसऱ्याचं शंभर टक्केवालं वाक्य तुला 90 दिसतं आणि हात आपोआप थांबतो. ती फाइल कुणी केली, कुणी तपासली हे तुला माहीत नाहीये ना, मग आंधळा विश्वास कशाला.

आता "बघायची नाहीत" बद्दल. समज करारात वाक्य आहे, "इट शॅल रिमेन इन फोर्स आफ्टर द एक्स्पायरी ऑफ धिस अ‍ॅग्रीमेंट". गोपनीयतेच्या कलमात हे 'इट' म्हणजे बंधन, तर मराठीत होणार "ते हा करार संपल्यानंतरही लागू राहील". पुढे 18 पानांनी हेच वाक्य अक्षरशः तसंच येतं पण तिथे विषय परवान्याचा आहे, तिथे "तो" पाहिजे, आणि नुकसानभरपाईच्या जबाबदारीच्या कलमात "ती". इंग्रजीत एक शब्द, मराठीत तीन लिंगं! सॉफ्टवेअर फक्त इंग्रजी वाक्य जुळलं का बघतं, त्याला तिन्ही ठिकाणी शंभर टक्के मॅच दिसतो आणि तिन्हीकडे "ते" बसतं. वाचणारा विचारणार, ते म्हणजे काय? OmegaT मध्ये अशा जागी `Create Alternative Translation` वापरायचं, म्हणजे त्या एका जागेपुरतं वेगळं भाषांतर राहतं, नाहीतर एक सुधारलं की बाकीची दोन बिघडतात. काही सॉफ्टवेअर आगचंमागचं वाक्यही जुळतंय का बघून त्याला कॉन्टेक्स्ट मॅच म्हणतात, ते बरंच भरवशाचं असतं, तिथे नुसती नजर टाकली तरी चालतं.

याहून धोकादायक म्हणजे 95 टक्केवाले. साधा हिशोब बघ, 20 शब्दांच्या वाक्यात एक शब्द बदलला की साधारण 95 टक्के मॅच येतो. पण तो एक शब्द 'नॉट' असेल तर? किंवा जुन्यात 'शॅल' होतं आणि आता 'मे' आहे, म्हणजे "द्यावीच लागेल" चं "देता येईल" झालं. अर्थ पार उलटा आणि टक्केवारी झक्कास. म्हणून मॅच जितका जास्त तितकं फरकाचा रंग दाखवणाऱ्या खिडकीत जास्त बघायचं, कमी नाही. माझा स्वतःचा घोळ आकड्यात झाला होता. करारात मुदत अक्षरात आणि कंसात आकड्यात अशी दोनदा लिहितात ना, जुन्या वाक्यात तीस (30) दिवस होतं, नव्यात इंग्रजीत फॉर्टीफाइव्ह (45). सॉफ्टवेअरने हुशारीने कंसातला आकडा बदलला, अक्षरातला शब्द तसाच ठेवला, झालं "तीस (45) दिवस". नंतरची ऑटोमॅटिक तपासणी आकडा आकड्याशी जुळवते, 45 ला 45 मिळालं, सगळं हिरवं. क्लायंटच्या वकिलाने पकडलं म्हणून वाचले. तेव्हापासून शेवटी फक्त मुदती आणि रकमा यांच्यासाठी करार एकदा वेगळा वाचते.

एकसारखेपणा राखायचं म्हणशील तर मेमरीपेक्षा शब्दसूची जास्त उपयोगी. पहिल्या व्याख्यांच्या कलमातले मोठ्या अक्षरातले शब्द काढ, लायसन्सी, लायसन्सर, मोबदला, समाप्ती, जे काय असतील ते, आणि पहिलं वाक्य करायच्या आधी ठरवून `glossary` मध्ये टाक. तरी मधेच क्लायंट म्हणणार की लायसन्सी नको, परवानाधारक करा. इथे बहुतेक नवीन लोक वर्डच्या फाइलमध्ये फाइंड-रिप्लेस मारतात आणि दोनदा फसतात. एक तर "लायसन्सीला" चं "परवानाधारकला" होतं, "लायसन्सीने" चं "परवानाधारकने", आपल्याकडे सामान्यरूप होतं हे त्या बटणाला कुठे ठाऊक, "परवानाधारकाला" हे हातानेच करावं लागतं. आणि दुसरं म्हणजे वर्डमध्ये केलेली दुरुस्ती मेमरीला कळतच नाही, पुढच्या करारात जुना लायसन्सी परत उभा. दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या आत करायची आणि मग वर्ड फाइल पुन्हा काढायची, कितीही कंटाळा आला तरी.

पैशाचं बोलू. मॅचप्रमाणे दर कमी असणं ही या धंद्यातली नेहमीची पद्धत आहे, त्यात फसवणूक नाही, टक्के मात्र ज्याच्या त्याच्याशी ठरतात. उदाहरण धर, 10,000 शब्द, त्यात 5,000 शंभर टक्के मॅच किंवा रिपीट, 2,500 अर्धवट मॅच, 2,500 नवीन. पहिल्याला पूर्ण दराच्या 25 टक्के आणि अर्धवटला 60 टक्के धरलं तर 1,250 अधिक 1,500 अधिक 2,500, म्हणजे 5,250 शब्दांचे पैसे. तुझ्या एजन्सीच्या हिशोबाने पहिला आकडा शून्य, म्हणजे 4,000. चालेल, पण मग ते 5,000 शब्द त्यांनी लॉक करून द्यावेत आणि त्यातल्या चुकीची जबाबदारी तुझी नाही हे मेलवर लिहून द्यावं. लॉक करत नसतील आणि अख्ख्या कराराखाली "तपासलं" म्हणून तुझं नाव हवं असेल तर वाचायचे पैसे माग. मी असते तर 25 टक्के मागितले असते आणि "ते, तो, ती" चं उदाहरण त्याच मेलमध्ये जोडलं असतं, समजावायला जास्त लिहावं लागत नाही.

हो, आणि काम संपलं की ही मेमरी दुसऱ्या क्लायंटच्या प्रोजेक्टमध्ये टाकू नकोस, त्यात याचे दर आणि नावं वाक्यावाक्यात आहेत. प्रत्येक क्लायंटची फाइल वेगळी ठेव, आणि काम झाल्यावर मेमरी कोणाकडे राहणार हेही त्याच मेलमध्ये विचारून घे.