भाडं किती वाढवायचं आणि भाडेकरूला ते कसं पटवायचं: प्रश्नोत्तरे

प्रश्न: कोथरूडला माझा टू बीएचके २६,००० ला दिलाय, मेंटेनन्स त्यातच. अ‍ॅग्रीमेंट पुढच्या महिन्यात संपतंय. आमच्याच सोसायटीत एकाने ३०,००० ची जाहिरात टाकलीये, मग मी पण ३०,००० मागू का?

जाहिरातीतला आकडा म्हणजे मागितलेलं भाडं, मिळालेलं नाही. ती जाहिरात किती दिवस झाली तशीच आहे ते आधी बघा, महिना-दीड महिना उलटून गेला असेल तर त्या भावाला गिऱ्हाईक नाही हे उघड आहे. तुम्हाला हवेत गेल्या चार-सहा महिन्यांत खरंच ठरलेले सौदे. ते सोसायटीच्या ऑफिसमधून, शेजारच्या मालकांकडून कळतात, आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू काढला तर कागदावरचा आकडाही मिळतो.

मग प्रत्येक सौदा आपल्या फ्लॅटच्या मापात आणायचा, लोक नेमके इथेच चुकतात. समजा तुम्हाला तीन सौदे मिळाले. पहिला २९,००० चा, पण त्यात एसी, बेड, वॉशिंग मशीन आहे, त्याचे साधारण २,००० वजा केले की राहिले २७,०००. दुसरा दिसायला २६,५०० चा पण मेंटेनन्सचे २,२०० भाडेकरूच भरतो, म्हणजे खरं भाडं २८,७००, आणि त्याची दोन्ही बाथरूम नवी केलेली आहेत म्हणून ७०० कमी करा, २८,००० आले. तिसरा शेजारच्या बिल्डिंगमधला, तुमच्यासारखाच रिकामा फ्लॅट, सगळं धरून २७,५००. कार्पेट एरिया आणि पार्किंग तिन्हीकडे तुमच्याएवढंच आहे ना तेही बघून घ्या, सुपर बिल्टअपचे आकडे तुलनेला धरू नका. म्हणजे तुमची जागा २७,००० ते २८,००० मध्ये बसते. मी २७,५०० मागेन.

३०,००० वर अडून बसलात तर ११ महिन्यांत २७,५०० जास्त मिळतील, पण फ्लॅट एकच महिना रिकामा राहिला तरी तेवढेच पैसे गेले, वर ब्रोकरेज आणि रंगाचा खर्च वेगळा.

प्रश्न: सोसायटीने मेंटेनन्स वाढवला, टॅक्स वाढला, बाथरूमचं लीकेज पण काढलं. हे सगळं बाजारभावाच्या वर लावता येईल का?

नाही, बाजारभावाच्या वर नाही. शेजारच्यांनी जे भाडं ठरवलं त्यात त्यांचा वाढलेला मेंटेनन्स आलेलाच आहे, तुम्ही तो परत लावलात तर एकच खर्च दोनदा धरला जातो. वाढ कितीपर्यंत जाऊ शकते ते बाजार ठरवतो आणि ती का हवी ते खर्चातून सांगायचं असतं.

वरचंच उदाहरण घ्या, वाढ १,५०० ची आहे. मेंटेनन्स २,००० चा २,६०० झाला म्हणजे ६००. टॅक्स वर्षाला २,४०० ने वाढला म्हणजे महिन्याला २००. वॉटरप्रूफिंगला १८,००० गेले, पण ते काम निदान पाच वर्षं टिकावं, म्हणून ६० महिन्यांत वाटा, ३०० होतात. एकूण १,१००, उरलेले ४०० बाजाराचे. भाडेकरूला अशीच फोड दाखवा, सोबत जुनं-नवं मेंटेनन्सचं बिल आणि टॅक्सची पावती द्या. अख्खे १८,००० एकाच वर्षात वसूल करायला गेलात तर माणूस चिडतो आणि त्याचं बरोबरच असतं!

तुमच्या होम लोनचा हप्ता किंवा इन्कम टॅक्स यात घालू नका, त्याच्याशी भाडेकरूचा काय संबंध? पुणे महापालिकेची प्रॉपर्टी टॅक्समधली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांनाच असते. भाड्याने दिल्यावर ती गेली हा खर्च खरा आहे, पण तो पहिल्या वर्षीच धरायला हवा होता, यंदाची वाढ म्हणून सांगता येत नाही. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी लावते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्जही सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, सोसायटी जास्त लावत असेल तर आधी तिथे भांडा, तो बोजा भाडेकरूवर नको.

प्रश्न: माझा भाडेकरू म्हणतो कायद्याने ४ टक्क्यांच्या वर वाढवताच येत नाही. खरंय का?

ती ४ टक्क्यांची तरतूद १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात आहे, आणि ती भाडेकरारावर, म्हणजे जुन्या पागडीसारख्या संरक्षित जागांना लागू होते. तुमचं ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असेल तर नव्या करारात दोघांनी कबूल केलेला आकडा चालतो. मात्र चालू अ‍ॅग्रीमेंटमध्ये वाढीचं कलम नसेल तर मधेच वाढवता येत नाही, मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. निदान दीड-दोन महिने आधी बोला, त्यालाही दुसरी जागा बघायला वेळ मिळू दे. ठरलं की नवा आकडा टाकून अ‍ॅग्रीमेंट पुन्हा रजिस्टर करा, जुन्याच कागदावर तोंडी वाढ नको, कारण कागद रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरलं जातं.