सिस उशिरा उकळतो, ट्रान्स आधी गोठतो

ब्यूट-2-ईनला सिस आणि ट्रान्स अशी दोन रूपं आहेत, मग ब्यूटेनला का नाहीत?

बटाट्याच्या दोन फोडी एका टूथपिकने जोडा. एक धरून दुसरी फिरवली की सहज फिरते. आता पहिलीच्या शेजारी आणखी एक टूथपिक खोचा आणि पुन्हा फिरवून पाहा. फोड फाटेल, पण फिरणार नाही. ब्यूटेनमधला मधला एकेरी बंध पहिल्या जोडणीसारखा असतो. ब्यूट-2-ईनमध्ये दुसऱ्या टूथपिकचं काम पाय बंध करतो. दोन्ही कार्बनची पी-कक्षके कडेकडेने एकमेकांत मिसळून तो तयार होतो. एक कार्बन 90 अंश पिळला, तर ही मिसळण संपते आणि बंध तुटतो. त्यासाठी मोलमागे साधारण 260 किलोज्यूल लागतात. खोलीतल्या तापमानाला रेणूंना एवढी ऊर्जा मिळत नाही. म्हणून दोन्ही मिथिल गट एकाच बाजूला असलेला सिस तसाच राहतो, आणि ते विरुद्ध बाजूंना असलेला ट्रान्सही.

ब्यूट-1-ईनला मात्र हे लागू होत नाही. त्याच्या टोकाच्या कार्बनवर दोन्ही हायड्रोजनच आहेत, त्यांची अदलाबदल केली तरी रेणू तोच.

सिसचा उत्कलनांक जास्त, पण द्रवणांक कमी दिलाय. छपाईची चूक आहे का?

चूक नाही, आकडे बरोबर आहेत. सिस 3.7 अंश सेल्सिअसला उकळतो, ट्रान्स 0.9 अंशाला. वितळताना मात्र सिस उणे 139 आणि ट्रान्स उणे 105.5. मिथिल गट दुहेरी बंधाकडे थोडे इलेक्ट्रॉन ढकलतात. ट्रान्समध्ये हे दोन ढकले विरुद्ध दिशांना असल्याने एकमेकांना रद्द करतात. सिसमध्ये ते काही अंशी एकाच दिशेला पडतात, त्यामुळे रेणूला लहानसं द्विध्रुव आघूर्ण मिळतं. द्रवात रेणू एकमेकांना जरा जास्त धरून ठेवतात, म्हणून उकळायला थोडी जास्त उष्णता लागते. फरक तीनच अंशांचा, कारण ध्रुवीयताच किरकोळ आहे.

द्रवणांकाचा प्रश्न वेगळा, तिथे रेणू स्फटिकात किती नीट रचले जातात ते महत्त्वाचं. पुठ्ठ्याचे इंग्रजी झेडच्या आकाराचे काही तुकडे कापा, काही यू आकाराचे. झेड एकमेकांना चिकटून रांगेत बसतात, यूच्या पोटात पोकळी उरते. ट्रान्स झेडसारखा आहे, त्यामुळे त्याचा स्फटिक मोडायला जास्त तापमान लागतं. विद्यार्थी दोन्ही आकड्यांना एकच कारण लावतात आणि तिथेच अडकतात.

ट्रान्स जास्त स्थिर, हे मोजून कसं कळतं?

दोघांनाही हायड्रोजन द्या. दोन्हींपासून तोच ब्यूटेन बनतो, म्हणजे शेवट एकच. सिसमधून मोलमागे साधारण 120 किलोज्यूल बाहेर पडतात, ट्रान्समधून 116. सिसकडे चार किलोज्यूल जास्त होते, कारण त्याचे दोन मिथिल गट एकमेकांना अडचण करतात.

पण हा नियम सगळीकडे लावू नका. 1,2-डायक्लोरोइथिनमध्ये सिस थोडा अधिक स्थिर आहे. तिथे ध्रुवीयता खरोखर मोठी असते, म्हणून उत्कलनांकांतही मोठं अंतर दिसतं: सिस 60 अंश, ट्रान्स 48.