आयताकृती बीममध्ये शिअर स्ट्रेस मधोमध सर्वाधिक का?

प्रश्न: बेंडिंग स्ट्रेस न्यूट्रल अक्षावर, म्हणजे आयताकृती छेदाच्या मधोमध, शून्य असतो, मग शिअर स्ट्रेस नेमका तिथेच जास्तीत जास्त कसा?

उत्तर: बीमचा छोटा तुकडा घ्या आणि तो मनातल्या मनात आडवा कापा. तुकड्याच्या दोन टोकांना बेंडिंग मोमेंट वेगळा असतो, म्हणून कापाच्या वरच्या भागावर दोन्हीकडून येणारा दाब सारखा नसतो. हा फरक पेलतो कापावरचा आडवा शिअर, आणि तेवढाच शिअर उभ्या छेदावरही असतो.

काप अगदी वरच्या कडेला असेल तर वर काहीच उरत नाही, म्हणून शिअर शून्य. काप खाली सरकवत जा. प्रत्येक थराचा फरक आधीच्यात मिळत जातो. न्यूट्रल अक्षापर्यंत सगळा दाबाचा भाग जमा झालेला असतो. त्याखाली ताण सुरू होतो, तिथला फरक उलट दिशेचा, म्हणून बेरीज घटू लागते. थोडक्यात, शिअर त्या जागेच्या बेंडिंग स्ट्रेसवर नव्हे, वर साचलेल्या बेरजेवर ठरतो.

सूत्र: τ = VQ/(Ib). इथे τ म्हणजे शिअर स्ट्रेस, V म्हणजे छेदावरचा शिअर फोर्स, Q म्हणजे कापाच्या वरच्या क्षेत्रफळाचा न्यूट्रल अक्षाभोवतीचा पहिला मोमेंट, I म्हणजे पूर्ण छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया आणि b म्हणजे कापाच्या जागची रुंदी.

100 × 200 मिमी छेद, V = 20 kN: सरासरी 1 MPa, मधोमध 1.5 MPa, वरून 50 मिमीवर 1.125 MPa.

मात्र रुंदी b बदलती असेल तर हा नियम सरसकट लावू नका. त्रिकोणी छेदात कमाल शिअर निम्म्या उंचीवर येतो, न्यूट्रल अक्षावर नाही.