सोडियम चॅनल उघडूनही न्यूरॉनचं व्होल्टेज खाली का येतं?

प्रश्न: सोडियम आत शिरला की ॲक्शन पोटेन्शियल वर चढतं हे समजलं. पण मग ते लगेच खाली कसं येतं? सोडियम-पोटॅशियम पंपामुळे का?

उत्तर: नाही, उतारात पंपाचा हात जवळजवळ नसतो. स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड ॲक्झॉनमध्ये, म्हणजे न्यूरॉनच्या लांब तंतूत, पंप विषाने थांबवला तरी ॲक्झॉन हजारो आवेग, म्हणजेच ॲक्शन पोटेन्शियल, देत राहतो. पंप आयनांचा साठा सावकाश भरत असतो, एवढंच.

विश्रांतीत पेशी आतून साधारण −७० मिलिव्होल्ट असते, कारण मुख्यतः पोटॅशियमचे गळती चॅनल उघडे असतात. उद्दीपनाने व्होल्टेज −५५ च्या आसपास आलं की सोडियम चॅनल उघडून सोडियम आत येतो, त्याने व्होल्टेज आणखी वाढतं, आणखी चॅनल उघडतात. मिलिसेकंदभरात आपण +३० च्या पुढे.

खरी गंमत सोडियम चॅनलच्या दोन दारांत आहे. व्होल्टेज वाढताच एक झटकन उघडतं. दुसरं त्याच वाढीमुळे, पण किंचित उशिरा, आतून बंद होतं. तेवढ्यात संथ पोटॅशियम चॅनल उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि व्होल्टेज कोसळतं. हे चॅनल मिटायलाही वेळ लावतात, म्हणून व्होल्टेज थोडा वेळ −७० च्याही खाली जातं.

टेट्राइथाइलअमोनियम या रसायनाने हे पोटॅशियम चॅनल अडवले, तर आवेग रुंद होतो, पण तरी उतरतो. कारण सोडियमचं दुसरं दार बंद झालेलंच असतं आणि गळती चालू असते. ते दार पुन्हा उघडायला पेशी आतून पुरेशी ऋण व्हावी लागते. तोवर कितीही जोरदार उद्दीपन दिलं तरी नवा आवेग निघत नाही, आणि म्हणूनच आवेग आल्या वाटेने मागे फिरत नाही.